रेकॉर्ड केलेल्या चित्रपटाच्या क्लिपमधली शेवटची सरकती नावं काढणं: ट्रिम कधी पुरतं, फ्रीज कधी बरं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

साताऱ्यात मी जुन्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून देतो. बहुतेक कॅसेट लग्नाच्या आणि मुंजीच्या असतात, पण अधूनमधून कुणीतरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला चित्रपट घेऊन येतं. वाई आणि मेणवलीच्या घाटांवर इतकी चित्रीकरणं झाली आहेत की या भागात कुणाचे तरी काका पाटीलवाड्याच्या दारात उभे असतात, नाहीतर कुणाची आत्या पाणवठ्यावर दिसते. त्या माणसापुरता तुकडा सगळ्यांना हवा असतो. आणि तो तुकडा चित्रपटाच्या शेवटी असला की खालून नावं सरकत येतात आणि नेमकी चेहऱ्यावरून जातात.

खालची उत्तरं एकाच क्लिपच्या आधाराने लिहिली आहेत. वाईचा एक मुलगा ती घेऊन आला होता. चित्रपटाचा शेवट, एकूण 4 मिनिटं 31 सेकंद. मेणवलीचा घाट, मोठी घंटा, गावकऱ्यांची गर्दी, मागे भजनाच्या चालीवरचं गाणं. गर्दीत डावीकडून तिसरी त्याची आजी, नऊवारीत, हात जोडून. "दादा, आज्जी नीट दिसायला लागते आणि तेवढ्यात नावं येतात. ती तेवढी काढून द्या."

नावं पुसून मागचं चित्र तसंच चालू ठेवता येत नाही का?

पहिला प्रश्न प्रत्येकाचा हाच. वाहिनीचं बोधचिन्ह कोपऱ्यात एका जागी बसलेलं असतं, म्हणून तेवढा चौकोन आजूबाजूच्या रंगाने सारवून टाकता येतो. सरकती नावं खालपासून वरपर्यंत अख्ख्या पडद्यावरून जातात. ती झाकायची तर अख्खा पडदा सारवावा लागेल, आणि मग ज्यांच्यासाठी खटाटोप चालला आहे त्या आजीच धुक्यात जातील. त्यामुळे नावं पुसायचा विचार सोडून द्यायचा आणि नावं यायच्या आधी थांबायचं. थांबायचे मार्ग दोन: क्लिप तिथेच कापून टाकायची, म्हणजे ट्रिम, किंवा शेवटची स्वच्छ फ्रेम धरून ठेवायची आणि आवाज पुढे वाहू द्यायचा, म्हणजे फ्रीज.

मग दोन्हीतलं काय करायचं, हे कसं ठरवता?

चित्र बघून नाही, आवाज ऐकून. नावं येतात त्या जागी डोळे मिटायचे आणि कान द्यायचा. तिथवर संवाद संपला असेल, गाण्याची ओळ समेवर आली असेल, किंवा नुसतं वाद्यसंगीत चालू असेल, तर ट्रिम करायचं आणि शेवटी आवाज हळू उतरवायचा. पाच मिनिटांचं काम. काही चित्रपटांत चित्र आधी काळं होतं आणि मग काळ्यावर नावं सरकतात. तिथे तर दुसरा विचारच करू नका. काळं व्हायला लागलं की चित्र संपलंच, गोठवण्यासारखं काही उरत नाही.

नावं चालत्या चित्रावर येत असतील आणि त्याच वेळी ओळ अर्धी असेल, तेव्हा ट्रिम वाईट दिसतं. आमच्या क्लिपमध्ये पहिलं अक्षर 4:12 च्या आसपास येतं आणि गाण्याचा शेवटचा शब्द संपतो 4:16 ला. चार सेकंद ऐकायला थोडी वाटतात, पण तिथे कापलं तर ओळीतला शेवटचा शब्दच जातो. पुढचं अख्खं कडवं गेलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. हा एक शब्द गेलेला मात्र प्रत्येकाला कळतो. इथे फ्रीज.

एक अडचण अजून लक्षात ठेवा. आवाज चेहरा दिसणाऱ्या माणसाचाच असेल, म्हणजे तो बोलत असताना नावं येत असतील, तर फ्रीजही चालत नाही. मिटलेल्या ओठांमधून वाक्य येत राहतं, आणि ते पाहताना हसू येतं. अशा वेळी मी त्याच प्रसंगातला आधीचा एखादा स्वच्छ शॉट, घंटेचा म्हणा किंवा गर्दीचा, त्या आवाजावर ठेवतो.

पहिलं अक्षर नेमकं कुठल्या फ्रेमला येतं, हे शोधायचं कसं?

इथेच सगळ्यांचं चुकतं. चालत्या चित्रात डोळ्याला नाव दिसतं ते वाचता येण्याजोगं झाल्यावर, आणि तोवर ते बराच वेळ पडद्यावर असतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा 4:13 लिहून ठेवलं होतं. फ्रेम-फ्रेम पाहिल्यावर खरा आकडा 4:12.48 निघाला. भारतातल्या टीव्हीचं चित्र सेकंदाला 25 फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम 0.04 सेकंदाची. अर्ध्या सेकंदाचा फरक म्हणजे 13 फ्रेम झाल्या, आणि तेवढ्यात अक्षर चांगलंच वर चढलेलं असतं.

देवनागरी नावं खालून वर येतात तेव्हा सगळ्यात आधी शिरोरेषा दिसत नाही. तिच्याही वर असतात मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार. पडद्याच्या खालच्या कडेला आधी दोन-तीन पांढरे तिरपे ठिपके उगवतात, एकमेकांपासून लांब, जणू चित्रावर कचरा पडलाय. पुढच्या दोन-तीन फ्रेममध्ये त्यांच्याखाली आडवी रेघ येते आणि मग कळतं की ते ठिपके 'दिग्दर्शक'मधली वेलांटी आणि रफार होते. कापायचं ते त्या ठिपक्यांच्या आधी, रेघेच्या आधी नाही.

व्हीएचएसवरून उतरवलेली क्लिप असेल तर आणखी एक फसवणूक होते. कॅसेटच्या चित्राच्या अगदी तळाला एक वळवळणारी, तुटकी पट्टी असते. वाजवताना व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातो त्याची ती खूण. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपून जायची, संगणकावर मात्र पूर्ण दिसते. पहिले ठिपके याच पट्टीत उगवतात आणि सहज नजरेतून सुटतात. म्हणून तळाचा भाग मोठा करून बघा, आणि ठिपके सापडले त्या फ्रेमच्याही चार-पाच फ्रेम मागे या.

फ्रेम-फ्रेम पुढे जायला व्हीएलसीमध्ये `E` दाबायचं. मागे यायला मात्र त्यात सोय नीट नाही, म्हणून मी ॲव्हिडेमक्स वापरतो. त्यात डाव्या-उजव्या बाणाने एकेक फ्रेम मागे-पुढे होते आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दिसते.

अजून एक गोष्ट बघून घ्या. नावं वाचता यावीत म्हणून बऱ्याचदा मागचं चित्र आधीच थोडं काळवंडवलेलं असतं. आमच्या क्लिपमध्ये हे काळवंडणं 4:12.00 ला, म्हणजे नावांच्या 12 फ्रेम आधी सुरू होतं. त्या 12 फ्रेममध्ये अक्षर एकही नाही, पण चित्र मलूल आहे. तिथे ट्रिम केलं तर शेवटी दिवे गेल्यासारखं वाटतं. तिथली फ्रेम गोठवली तर तो मलूलपणा सहा सेकंद समोर राहतो. तेव्हा आमची खरी हद्द 4:12.48 नव्हे, 4:12.00.

मोबाईलवर ट्रिम केलं, तरी शेवटी क्षणभर नावं चमकून जातात. असं का होतं?

बोटाचा दोष. मोबाईलवरची ट्रिमची पट्टी जेमतेम सहा सेंटिमीटरची असते, आणि त्यात 271 सेकंद कोंबलेले असतात. म्हणजे एका मिलिमीटरमागे साडेचार सेकंद. बोट उचलताना जरा हललं तरी क्लिप शंभर फ्रेम पुढे जाते.

यावर सोपा उपाय असा की क्लिप दोनदा कापायची. आधी फक्त नावांच्या आसपासचे वीसेक सेकंद असलेला तुकडा बनवा आणि त्यात जागा नीट शोधा. तिथली वेळ लिहून घ्या, तुकड्याच्या आधी गेलेले सेकंद तिच्यात मिळवा, मग मूळ क्लिपवर परत या. काही ॲपमध्ये पट्टीवर बोट दाबून धरलं की ती ताणली जाते, तेही वापरता येईल. पण रोज हे काम करायचं नसेल तर कुणाच्या तरी संगणकावर बसा. वेळ वाचतो.

ट्रिम केल्यावर चित्राचा दर्जा उतरतो का?

फाइल नव्याने बांधली तर थोडा उतरतो. नुसती कापली तर अजिबात नाही. आणि शेवट कापणाऱ्यांचं इथे नशीब जोरावर असतं.

व्हिडिओच्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधून मधून एक पूर्ण फ्रेम असते, तिला कीफ्रेम म्हणतात, आणि तिच्यानंतरच्या फ्रेममध्ये फक्त बदल लिहिलेले असतात. म्हणून फाइलची सुरुवात न बांधता कापायची तर कीफ्रेमवरच कापावी लागते. मध्ये कुठे कापलं तर पहिले काही क्षण चित्र गोठतं किंवा फाटतं. शेवटाला हे बंधन नाही. बदल मागच्या फ्रेमवर टेकलेले असतात आणि मागचं सगळं आपल्याकडे शाबूत असतं. त्यामुळे नावं काढायला ffmpeg या, आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅमला ही एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i menavali.mp4 -t 251.36 -c copy menavali-trim.mp4
```

251.36 सेकंद म्हणजे 4:11.36. हीच वेळ का, ते पुढे गोठवायची फ्रेम निवडताना येईल. `-c copy` म्हणजे चित्राला हात न लावता जसंच्या तसं उचल. हे काही सेकंदांत उरकतं, अर्ध्या तासाची फाइल असली तरी.

मर्यादा एवढीच की या पद्धतीने कापणी फ्रेमच्या नेमक्या हिशोबात होतेच असं नाही. काही फ्रेम फाइलमध्ये पुढे-मागे क्रमाने ठेवलेल्या असतात, त्यामुळे एखाद-दुसरी फ्रेम जास्त किंवा कमी येऊ शकते. वर चार-पाच फ्रेम मागे यायला सांगितलं ते यासाठीही. कापलेल्या फाइलचा शेवट परत एकदा फ्रेम-फ्रेम पाहिल्याशिवाय ती कुणाला देऊ नका. मी एकदा दिली होती. घरच्या कार्यक्रमात भिंतीवर लावली, आणि शेवटी पांढरे ठिपके तेवढे चमकून गेले. पन्नास माणसांत एका शाळकरी पोराने ते बरोबर पाहिले.

ट्रिम केलं की गाणं तोडल्यासारखं वाटतं. काय करावं?

आवाज शेवटच्या सेकंदात, गाणं संथ असेल तर दोन सेकंदांत, हळूहळू उतरवा. चित्रही त्याच बरोबरीने काळं करा. दोन्ही एकाच क्षणी संपले पाहिजेत. आवाज उतरलाय आणि चित्र अजून लख्ख आहे असं झालं की स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं. आणि उतार शब्दावर चालू करू नका. शब्द पूर्ण होऊ द्या, मग पुढच्या वाद्यांवर उतरवा. तेवढी जागा ट्रिमच्या आधी मिळतच नसेल, तर ती क्लिप फ्रीजची.

गोठवायची फ्रेम कशी निवडायची? नावांच्या अगदी आधीचीच घ्यायची ना?

नाही. सगळे तीच घेतात आणि सगळ्यात वाईट फ्रेम बऱ्याचदा तीच असते.

आमच्या क्लिपमध्ये 4:12.00 पासून चित्र काळवंडतं, म्हणून तिथून मागे चालायला लागलो. 4:11.92 ला आजींच्या समोरून फेटेवाला एक माणूस जातोय, त्यांचा अर्धा चेहरा झाकलेला. 4:11.72 ला फेटा बाजूला आहे, पण आजींचे डोळे अर्धे मिटलेले. पापणी लवायला फार वेळ लागत नाही, तरी 25 फ्रेमच्या चित्रात एक उघडझाप सात-आठ फ्रेम खाते. 4:11.52 ला डोळे उघडे, पण कॅमेरा किंचित उजवीकडे सरकतोय आणि सगळ्यांच्या कडा पुसट झाल्यात. चालताना हे पुसटपण कळत नाही, थांबलं की मात्र चित्रच खराब असल्यासारखं दिसतं. 4:11.32 ला कॅमेरा स्थिर, डोळे उघडे, हात जोडलेले, नथीचा मोती दिसतोय. ती घेतली.

म्हणजे नावांपासून 29 फ्रेम, एक सेकंदाहून जास्त मागे आलो. त्या सेकंदात फेटेवाला सोडून काहीच घडत नव्हतं, त्यामुळे काही गमावलं नाही. घडत असतं तर वेगळा विचार केला असता.

बघायच्या गोष्टी अशाच क्रमाने बघा: आधी उजेड, मग चेहऱ्यावर आडवं काही येतंय का, मग डोळे, मग कडा. तोंड उघडं असलेली फ्रेम टाळा. गाणाऱ्या माणसाचं उघडं तोंड चालत्या चित्रात गोड दिसतं, थांबलेल्या चित्रात जांभई वाटते.

फ्रीज किती वेळ ठेवावा?

दोन-तीन सेकंद बिनबोभाट जातात. पाच-सहा सेकंदांनंतर बघणारा रिमोट शोधायला लागतो, त्याला वाटतं फाइल अडकली. आम्हाला सहा सेकंद लागणार होते, म्हणून दोन गोष्टी केल्या. गोठल्यावर चित्र अतिशय हळू आत सरकवलं, सहा सेकंदांत शंभराचं एकशे सहा टक्के. हे जाणवता कामा नये. जाणवलं तर जास्त झालं. आणि शेवटच्या एका सेकंदात चित्र व आवाज दोन्ही उतरवले. शब्द 4:16 ला संपतो, उतार 4:16.36 ला सुरू, सगळं 4:17.36 ला शांत.

आत सरकणं सोडून बाकीचं सगळं या एका आज्ञेत येतं:

```
ffmpeg -i menavali.mp4 -filter_complex \
"[0:v]trim=end=251.36,tpad=stop_mode=clone:stop_duration=6,\
fade=t=out:st=256.36:d=1[v];\
[0:a]atrim=end=257.36,afade=t=out:st=256.36:d=1[a]" \
-map "[v]" -map "[a]" -c:v libx264 -crf 18 -c:a aac menavali-freeze.mp4
```

गोठवायची फ्रेम 251.32 ची, पण `trim=end` मध्ये 251.36 लिहिलंय, कारण तिथे जी वेळ लिहाल ती फ्रेम वगळली जाते आणि तिच्या आधीची शेवटची ठरते. `tpad` त्या शेवटच्या फ्रेमच्या सहा सेकंदांच्या प्रती जोडतं. आवाज मात्र 257.36 पर्यंत मूळ क्लिपचाच वाहतो, त्यात सांधा कुठेच नाही. विंडोजवर असाल तर ओळीच्या शेवटच्या तिरक्या रेघा काढून सगळं एका ओळीत लिहा.

इथे फाइल नव्याने बांधली जाते, `-c copy` चालत नाही. दर्जा ठरवणारं `-crf` 18 ठेवलं तर डोळ्याला फरक कळण्यासारखा नसतो, कॅसेटवरच्या चित्रात तर नाहीच.

फ्रीज केल्यावर चित्र मेल्यासारखं वाटतं. फोटो चिकटवल्यासारखं.

कारण फक्त माणसं थांबत नाहीत, चित्रावरचे कणही थांबतात. फिल्मवर आणि कॅसेटवर सतत एक बारीक खळबळ असते. चार मिनिटं ती बघून डोळ्याला तिची सवय झालेली असते. ती थांबली की काहीतरी बिनसल्याचं लगेच कळतं, काय ते सांगता येत नाही. उपाय म्हणजे गोठलेल्या भागावर तेवढेच कण परत पेरायचे. वरच्या आज्ञेत `fade` च्या आधी हे घाला:

```
noise=c0s=7:c0f=t:enable='gte(t,251.36)',
```

7 हा आकडा माझ्या अंदाजाचा. सांध्याच्या आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवून कमी-जास्त करा.

दुसरं कारण पाणी. आमच्या फ्रेममध्ये डाव्या कोपऱ्यात कृष्णा दिसत होती. गर्दी थांबलेली माणूस मान्य करतो, वाहतं पाणी थांबलेलं मान्य करत नाही. धूर, झेंडा, कारंजं यांचंही तसंच. मी फ्रेम थोडी आत घेतली, म्हणजे पाणी चौकटीबाहेर गेलं आणि आजी जरा मोठ्या दिसल्या. पण कॅसेटवरून आलेलं चित्र 720 बाय 576 चंच असतं. त्याला पंधरा टक्क्यांच्या वर ताणलं की चेहरा लोण्यासारखा होतो. तेवढ्यात पाणी बाहेर जात नसेल तर दुसरी फ्रेम शोधा.

थांबलेल्या फ्रेमवर आडव्या रेघा दिसतात, कंगव्याच्या दातांसारख्या. त्या घालवायच्या कशा?

जुन्या टीव्हीच्या एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं गुंफलेली असतात, एक सम ओळींचं, एक विषम. व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेलं असेल तर ती दोन वेगवेगळ्या क्षणांची असतात, म्हणून हलणाऱ्या वस्तूला दात दिसतात. तेव्हा फ्रीजच्या आज्ञेत `trim` च्या आधी `yadif,` लिहायचं, रेघा जातात.

पण चित्रपट फिल्मवर टिपलेला असेल तर दोन्ही अर्धी चित्रं सहसा एकाच क्षणाची असतात आणि दात नसतातच. तिथे उगाच `yadif` लावलं तर चित्र मऊ पडतं, बाकी काही मिळत नाही. म्हणून आधी बघा. आमच्या क्लिपमध्ये गंमत अशी होती की घाटावरच्या गर्दीला दात नव्हते आणि सरकत्या अक्षरांना होते. म्हणजे ती नावं मूळ फिल्मवरची नव्हती, पुढे कधीतरी टीव्हीसाठी व्हिडिओवर पुन्हा लिहिलेली. आम्हाला नावं नकोच होती, त्यामुळे `yadif` लावलं नाही.

खालची पट्टी कापून टाकली तर नावं टाळता येतील का?

थोडी उशिरा येतील, एवढंच. समजा एका ओळीला तळापासून माथ्यापर्यंत जायला आठ सेकंद लागतात. 576 ओळींचं चित्र, म्हणजे सेकंदाला 72 ओळी. तळाचा दहा टक्के भाग, 58 ओळी, कापला तर मिळतात जेमतेम 0.8 सेकंद. एखादा शब्द तेवढ्यात बसत असेल तर जरूर करा. आमचे चार सेकंद त्यात बसत नव्हते.

हे सगळं मोबाईलवर होईल का? माझ्याकडे तर मोबाईलवर स्क्रीन रेकॉर्ड केलेली क्लिप आहे.

होतं. इनशॉटसारख्या ॲपमध्ये फ्रीजचं बटण असतं. क्लिपमधून आवाज आधी वेगळा काढा, मग फ्रीज टाका. उलट केलं तर फ्रीजच्या जागी आवाजही थांबतो, आणि मग सगळं केलं कशासाठी?

स्क्रीन रेकॉर्डिंगची खोड वेगळी आहे. मोबाईल सेकंदाला ठरावीक फ्रेम टिपत नाही, जमतील तशा टिपतो. त्यामुळे एका ॲपमध्ये लिहून घेतलेली वेळ दुसऱ्यात चुकते, आणि फ्रीजची लांबी मागेपुढे होते. आधी ती फाइल एकसारख्या फ्रेमची करून घ्या, मग वेळा शोधा:

```
ffmpeg -i screen.mp4 -vf fps=30 -crf 18 screen-30.mp4
```

नावं काढणं कायद्यात बसतं का?

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये खासगी वापरासाठीच्या रास्त वापराला मोकळीक आहे. घरात बसून आजीला दाखवणं त्या भावनेत बसतं. तीच क्लिप नावं उडवून सगळ्या जगासाठी टाकणं वेगळं. त्याच कायद्याचं कलम 57 लेखकाला आपलं कर्तृत्व आपल्या नावावर असण्याचा हक्क देतं. गिऱ्हाईक सांगतं की क्लिप फेसबुकवर टाकायची आहे, तेव्हा मी चित्रपटाचं आणि मुख्य मंडळींचं नाव खाली लिहायला सांगतो, आणि तरीही ती काढून टाकली जाऊ शकते हेही सांगतो.

मूळ फाइल ठेवायची का? नावं तर नकोच आहेत.

ठेवा. `-freeze` किंवा `-trim` असं नावाला जोडून नवी फाइल बनवा, मूळ फाइलवर कधीच लिहू नका. कॅसेट दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते. बुरशी आलेली फीत एकदाच वाजते आणि तेवढ्यात हेड घाण करून जाते.

त्या मुलाच्या बाबतीत आणखी एक झालं. फ्रीज तपासायला मी मूळ क्लिप शेवटपर्यंत चालवली, आणि 4:26 च्या सुमारास ऋणनिर्देशात एक ओळ वर आली: मेणवलीचे समस्त ग्रामस्थ. अक्षरांना दात होतेच, म्हणून त्या एका फ्रेमला `yadif` लावून तिचा वेगळा फोटो काढला. पेनड्राइव्हवर तीन फाइली दिल्या: मूळ, गोठवलेली, आणि तो फोटो. त्याने मला क्लिपचे पैसे दिले आणि फोटोचे किती म्हणून विचारलं.